तीन-चतुर्थांश, पण कितीतले?

घातक कचऱ्याच्या व्यापारावरच्या बासेल करारातली बॅन अमेंडमेंट, म्हणजे श्रीमंत देशांतून इतर देशांत तो कचरा पाठवायला बंदी घालणारी दुरुस्ती, जिनिव्हात मंजूर झाली २२ सप्टेंबर १९९५ ला आणि अंमलात आली ५ डिसेंबर २०१९ ला. मधे चोवीस वर्षं गेली. कुणालाही कारण विचारा, उत्तर ठरलेलं असतं, श्रीमंत देशांना नको होती, कचऱ्याच्या धंद्यात पैसा होता, लॉबिंग झालं. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण या चोवीस वर्षांतली बरीचशी वर्षं एका वेगळ्याच कारणाने गेली, आणि ते कारण म्हणजे करारातलं एक वाक्य, ज्यात "तीन-चतुर्थांश" असं लिहिलंय पण कितीतले तीन-चतुर्थांश हे धड लिहिलेलंच नाही. माझं म्हणणं असं की बहुपक्षीय करारात हा छेद, म्हणजे कुठल्या आकड्याचे तीन-चतुर्थांश हा प्रश्न, कारकुनी बाब समजून सोडून देणं ही घोडचूक आहे, कारण दुरुस्ती जगणार का मरणार हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. आणि तो छेद ठरवायचं काम डिपॉझिटरीवर, म्हणजे कराराची कागदपत्रं घेऊन नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेवर, ढकलणं ही त्याहून मोठी चूक.

आधी करार काय ते थोडक्यात. ऐंशीच्या दशकात औद्योगिक देशांतला विषारी कचरा जहाजात भरून गरीब देशांत नेऊन टाकायचे प्रकार उघडकीला आले, १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको बंदरात इटलीहून आलेला कचरा सापडला तो त्यातला सगळ्यात गाजलेला. त्यातून मार्च १९८९ मध्ये बासेल करार झाला. त्यात बंदी नव्हती, परवानगी घेऊन पाठवा एवढंच होतं, म्हणजे घेणाऱ्या देशाला आधी लेखी कळवायचं, त्याने हो म्हटलं की माल रवाना. आफ्रिकेतल्या आणि इतर अनेक विकसनशील देशांना हे पुरेसं वाटलं नाही, कारण होकार विकत घेता येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९९४ मध्ये पक्षकार देशांच्या परिषदेने ठराव केला की श्रीमंत देशांतून इतर देशांत घातक कचरा पाठवायचा नाही. लगेच वाद निघाला की नुसत्या ठरावाने कायदेशीर बंधन येतं का. म्हणून पुढच्याच वर्षी तीच गोष्ट रीतसर दुरुस्ती म्हणून मंजूर केली, करारात ४ अ नावाचं नवं कलम आणि सातवं परिशिष्ट. त्या परिशिष्टात ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे देश, युरोपियन समुदाय आणि लिकटेनस्टाइन, आणि या यादीतल्यांनी यादीबाहेरच्यांना घातक कचरा पाठवायचा नाही, रिसायकलिंगच्या नावाखालीसुद्धा नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. आता दुरुस्ती मंजूर होणं आणि अंमलात येणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये हे दोन्ही कायम एकत्र कालवतात. परिषदेत मंजूर झालं म्हणजे मजकूर ठरला. त्यानंतर प्रत्येक देशाने घरी जाऊन आपल्या पद्धतीने, कुठे संसदेतून कुठे मंत्रिमंडळातून, ते स्वीकारायचं आणि मग स्वीकृतीपत्र डिपॉझिटरीकडे जमा करायचं. ठरलेली संख्या भरली की त्यानंतर नव्वदाव्या दिवशी दुरुस्ती अंमलात. बासेलची डिपॉझिटरी म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव, प्रत्यक्षात काम करतो न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या कायदा विभागातला ट्रीटी सेक्शन. महासचिवांकडे असे साडेपाचशेहून जास्त करार आहेत.

तिथे काम कसं चालतं हे जवळून बघण्यासारखं आहे. देशाचं पत्र येतं. पहिलं बघतात सही कुणाची, राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांपैकी एकाची पाहिजे, पर्यावरणमंत्र्याची असेल आणि सोबत पूर्ण अधिकारपत्र नसेल तर पत्र परत जातं. मग मजकूर बघतात, कुठला करार, कुठली दुरुस्ती हे स्पष्ट आहे का, आणि देश नुसतं कौतुक करतोय का खरंच स्वतःला बांधून घेतोय. सगळं ठीक असेल तर पत्र जमा झाल्याची तारीख धरतात, आणि सगळ्या देशांना सी.एन. नंबर असलेली नोटिफिकेशन जाते की अमुक देशाने अमुक तारखेला स्वीकृती जमा केली. यादीत एक ओळ वाढते. इतकंच. आता छेद स्पष्ट असला तर पुढचं गणित शाळकरी पोरगंही करेल. बॅन अमेंडमेंटची संख्या भरणारं क्रोएशियाचं पत्र ६ सप्टेंबर २०१९ ला जमा झालं, सप्टेंबरचे उरलेले चोवीस दिवस, ऑक्टोबरचे एकतीस, नोव्हेंबरचे तीस, झाले पंच्याऐंशी, आणि डिसेंबरचे पाच. ५ डिसेंबर. यात मताचा प्रश्नच येत नाही.

मताचा प्रश्न येतो तो क्रोएशियाचंच पत्र शेवटचं का धरायचं इथे.

बासेल कराराच्या १७ व्या कलमाचा पाचवा परिच्छेद म्हणतो, जरा सोपं करून सांगतो, की दुरुस्ती ती स्वीकारलेल्या पक्षकारांमध्ये अंमलात येईल, "ज्यांनी ती स्वीकारली अशा पक्षकारांपैकी निदान तीन-चतुर्थांशांची" स्वीकृतीपत्रं डिपॉझिटरीला मिळाल्यावर नव्वदाव्या दिवशी. हे वाक्य दोनदा वाचा. स्वीकारलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांनी स्वीकारलं की. शब्दशः घेतलं तर याला अर्थच लागत नाही, ज्यांनी स्वीकारली ते तर शंभर टक्केच असणार. म्हणजे "स्वीकारली" हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या अर्थांनी आलाय, किंवा ड्राफ्टिंगच्या वेळी रात्री उशिरा कुणीतरी दोन वाक्यं एकत्र शिवली आणि टाका चुकला.

मग वाचायचं कसं? तीन मार्ग निघाले. पहिला, परिषदेत हजर राहून ज्यांनी दुरुस्तीला संमती दिली त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांश. दुसरा, दुरुस्ती मंजूर झाली त्या दिवशी जे देश पक्षकार होते त्या सगळ्यांचे तीन-चतुर्थांश, याला ठरावीक वेळेचा हिशोब म्हणू. तिसरा, आज या क्षणी जितके पक्षकार आहेत त्यांचे तीन-चतुर्थांश, चालू वेळेचा हिशोब. १९९५ मध्ये पक्षकार नव्वदच्या घरात होते. २०१९ मध्ये ते झाले १८७. म्हणजे दुसऱ्या हिशोबाने सत्तरच्या आसपास स्वीकृती पुरत होत्या आणि तिसऱ्या हिशोबाने १४१ लागल्या असत्या. दुप्पट. तोच मजकूर, तीच दुरुस्ती.

चालू वेळेच्या हिशोबात गंमत अशी आहे की करार जितका यशस्वी होईल तितकी दुरुस्ती लांब जाते. नवा देश करारात आला की छेद वाढतो, आणि त्या नव्या देशाने सोबत दुरुस्तीही स्वीकारली नाही तर आधीच्यांनी जमवलेला टक्का खाली येतो. पाठलाग करणारी टीम रन काढतेय आणि स्टेडियममध्ये प्रत्येक नवा प्रेक्षक आत आला की टार्गेट वाढतंय, असला प्रकार. आणि हा नवा देश विरोधकच असतो असं अजिबात नाही. बऱ्याचदा त्याच्या परराष्ट्र खात्यात दोन-तीन माणसं हे काम बघणारी, करार स्वीकारला त्यातच त्यांची दमछाक, दुरुस्तीसाठी परत वेगळी फाईल फिरवायची तर दोन-चार वर्षं सहज जातात. त्याच्या या गप्प बसण्याला हिशोबात नकाराचं वजन मिळतं.

बरं, डिपॉझिटरीने काय केलं? इथे मला डिपॉझिटरीची बाजू घ्यायचीय कारण पर्यावरणवाल्या मंडळींनी त्यांना फार झोडपलं. संयुक्त राष्ट्रांच्या कायदा विभागाची जुनी पद्धत अशी की करार गप्प असेल तर चालू वेळेचा हिशोब धरायचा. त्यांनी बासेलबद्दलही हेच कळवलं, पण सोबत हेही की पक्षकारांनी मिळून वेगळा अर्थ ठरवला तर आम्ही त्याप्रमाणे चालू. मला हे एकदम बरोबर वाटतं. १९६९ च्या व्हिएन्ना करारात, म्हणजे करारांविषयीच्या करारात, डिपॉझिटरीचं काम आंतरराष्ट्रीय स्वरूपाचं आहे आणि त्याने निष्पक्ष राहायचं असं ७६ व्या कलमात स्पष्ट आहे, आणि ७७ वं कलम म्हणतं की एखाद्या देशाचा आणि डिपॉझिटरीचा कामावरून मतभेद झाला तर डिपॉझिटरीने तो सोडवायचा नाही, इतर देशांपुढे किंवा संबंधित संस्थेपुढे ठेवायचा. म्हणजे टपाल घ्या, तपासा, नोंदवा, कळवा, आणि भांडण झालं तर भांडणाऱ्यांना एका खोलीत बसवा, स्वतः निकाल देऊ नका. ही व्यवस्था मुद्दाम अशी केलेली आहे. पूर्वी डिपॉझिटरी एखाद्या देशाचं सरकार असायचं, आजही काही करारांत असतं, आणि त्या सरकारने स्वतःच्या सोयीचा अर्थ लावून दुसऱ्याचं पत्र घ्यायला नकार दिला तर सगळा करार त्याच्या मुठीत गेला. म्हणून डिपॉझिटरीला अधिकार जितके कमी तितकं बरं.

पण याची दुसरी बाजू अशी की डिपॉझिटरी गप्प राहूच शकत नाही. यादीत ओळी वाढतायत, एक दिवस कुणीतरी विचारणार, झाली का संख्या? तेव्हा त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि दोन्ही उत्तरं कुणाच्या तरी विरोधातच जातात. म्हणजे करार लिहिणाऱ्यांनी जो निर्णय टाळला तो आपोआप न्यूयॉर्कमधल्या एका टेबलावर जाऊन पडतो, आणि त्या टेबलावरचा माणूस साहजिकच सगळ्यात सावध उत्तर देतो. सावध म्हणजे दुरुस्ती अजून अंमलात आलेली नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही, उशिरा अंमलात आली तर चूक दुरुस्त करता येते, पण अंमलात आली असं जाहीर करून नंतर नाही म्हणालात तर मधल्या काळात कुणीतरी एखादं जहाज अडवलेलं असेल, कुणाचा परवाना रद्द केला असेल, त्याचं काय करायचं? म्हणजे मजकूर अस्पष्ट असला की फायदा कायम जैसे थे ठेवणाऱ्यांना, आणि हे विरोधकांना नीट कळतं. त्यांना उघड विरोध करायची गरजच उरत नाही, "अर्थ अजून स्पष्ट नाही" एवढं प्रत्येक बैठकीत म्हणत राहिलं की पुरतं.

बासेलमध्ये हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी २००८ च्या बाली परिषदेनंतर इंडोनेशिया आणि स्वित्झर्लंडने पुढाकार घेतला, दोन्ही बाजूच्या देशांना औपचारिक बैठकांच्या बाहेर बसवून बोलणी केली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना इथे दहाव्या परिषदेत ठराव झाला. ठराव म्हणतो, १७ व्या कलमाच्या पाचव्या परिच्छेदाचा अर्थ असा लावायचा की दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा जे पक्षकार होते त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशांची स्वीकृती पाहिजे. त्याला जोडलेली दोन वाक्यं मला ठरावापेक्षाही महत्त्वाची वाटतात. एक, या अर्थामुळे कुठल्याही देशावर बॅन अमेंडमेंट स्वीकारायची सक्ती होत नाही. दोन, बाकीच्या पर्यावरण करारांच्या बाबतीत याचा काही अर्थ काढायचा नाही.

पहिल्या वाक्यातच सगळ्या वादाची किल्ली आहे असं मला वाटतं. बासेलची दुरुस्ती फक्त स्वीकारलेल्यांमध्येच लागू होते, कलमातच तसं आहे. कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया यांनी स्वीकारलेली नव्हती, २०१९ मध्ये ती अंमलात आली तेव्हाही त्यांच्यावर एका कागदाचं बंधन आलं नाही. अमेरिका तर मूळ करारातच नाही. मग चालू वेळेच्या हिशोबाने आपण कुणाचं रक्षण करत होतो? नंतर आलेल्या देशांचं? त्यांनी स्वीकारल्याशिवाय त्यांच्यावर काही येतच नव्हतं. म्हणजे ज्याला काही फरकच पडत नाही त्याच्या गप्प बसण्यामुळे, ज्यांना आपापसात बांधून घ्यायचंय त्यांना थांबवून ठेवलं होतं.

याचा उलटा मुद्दा एक आहे आणि तो मला नुसता उडवून लावता येत नाही. दुरुस्ती सगळ्यांवर बंधनकारक असेल तेव्हा काय? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०८ व्या कलमाप्रमाणे दोन-तृतीयांश सदस्यांनी, त्यात पाचही कायम सदस्य आले, मंजुरी दिली की दुरुस्ती प्रत्येक सदस्याला लागू होते, त्याने नको म्हटलं तरी. तिथे ठरावीक वेळेचा हिशोब धरला तर नंतर आलेल्या देशांना काहीही न विचारता त्यांच्यावर नवं बंधन येईल, आणि ते अन्यायाचं आहे. तिथे चालू वेळेचाच हिशोब पाहिजे. म्हणून मी असं म्हणत नाही की सगळीकडे एकच छेद लावा. मी म्हणतो की आधी बघा दुरुस्ती कुणाला बांधणार आहे. सगळ्यांना बांधणार असेल तर आज जे आहेत त्या सगळ्यांना मोजा, फक्त हो म्हणणाऱ्यांना बांधणार असेल तर मंजुरीच्या दिवशी जे होते त्यांना मोजा. डिपॉझिटरीची सरसकट "करार गप्प असेल तर चालू" ही पद्धत हा फरक करत नाही, आणि करू शकतही नाही, कारण तो फरक करायचा म्हणजे कराराचा अर्थ लावायचा, जे त्याचं काम नाही.

ठरावीक हिशोबातही खोट आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. १९९५ नंतर करारात येऊन बॅन अमेंडमेंट मनापासून स्वीकारलेल्या देशाचं पत्र जमा होतं, यादीत चढतं, पण संख्या भरायच्या कामाला येत नाही. बघायला विचित्र वाटतं. २०१९ मध्ये एकूण स्वीकृती शंभरच्या जवळ गेल्या होत्या, तरी सगळे वाट बघत होते त्या मूळ यादीतल्या शेवटच्या एका देशाची. क्रोएशिया १९९४ पासून पक्षकार होता म्हणून त्याच्या पत्राने दार उघडलं, त्याच दिवशी एखाद्या नव्या पक्षकाराचं पत्र आलं असतं तर काहीच झालं नसतं. शिवाय जुने देश कधीकधी फुटतात, विलीन होतात, कराराबाहेर पडतात, मग मूळ यादीतल्या त्या जागेचं काय हा प्रश्न येतोच. पण या अडचणी मोजता येण्यासारख्या आहेत, यादी बंद आहे, कोण उरलंय ते नावानिशी माहीत असतं आणि त्या देशाच्या राजधानीत जाऊन पाठपुरावा करता येतो. कार्ताहेनानंतर मोहीम चालवणाऱ्या संस्थांनी नेमकं तेच केलं. छेद रोज बदलत असेल तर पाठपुरावा करायचा तरी कुणाचा?

आणि चालू हिशोब धरला असता तर? २०१९ मध्ये १८७ पैकी १४१ पाहिजे होते आणि हातात होते शंभरच्या आत. म्हणजे क्रोएशियाने पत्र दिलं त्या दिवशी अजून चाळीसच्या वर देश कमी पडले असते.

कुणी म्हणेल, तीन-चतुर्थांश हाच आकडा मोठा आहे, छेदाला कशाला दोष देताय. त्यातही तथ्य आहे. क्योटो प्रोटोकॉलची दोहा दुरुस्ती घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर, २०१३ ते २०२० या काळातल्या उत्सर्जन कपातीसाठी. तीन-चतुर्थांश म्हणजे १४४ स्वीकृती लागत होत्या. १४४ वी आली ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि नव्वद दिवस मोजून दुरुस्ती अंमलात आली ३१ डिसेंबर २०२० ला. म्हणजे ज्या आठ वर्षांसाठी ती केली त्यातल्या शेवटच्या दिवशी. मधली वर्षं काही देशांनी ती तात्पुरती लागू करून, काहींनी नुसती आपल्या मनाने पाळून काढली. इथे छेदाचा वाद मोठा नव्हता, नुसत्या आकड्यानेच जीव काढला. तेव्हा छेद स्पष्ट केला की सगळं सुटतं असा माझा दावा नाही, पण मोठा आकडा आणि वर अस्पष्ट छेद म्हणजे दुरुस्ती करायचीच नाही असं आधीच ठरवून घेण्यासारखं आहे.

छेदच नको असेल तर तोही मार्ग आहे आणि तो आजमावून झालाय. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल प्रोटोकॉलची किगाली दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली, त्यात तीन-चतुर्थांश वगैरे काही नाही, सरळ लिहिलं, वीस स्वीकृती. नोव्हेंबर २०१७ मध्येच वीस भरल्या आणि १ जानेवारी २०१९ ला, म्हणजे आधीच ठरवलेल्या पहिल्या तारखेला, दुरुस्ती अंमलात. बाकीचे देश त्यानंतर सवडीने येत राहिले. मुळात बासेल करार स्वतः असाच अंमलात आला होता, विसाव्या पत्रानंतर नव्वदाव्या दिवशी, ५ मे १९९२ ला. म्हणजे अख्खा करार उभा करायला वीस देश पुरले आणि त्यात एक कलम घालायला सत्तरच्या आसपास लागले. हे मला आजवर कुणी पटेल असं समजावून सांगितलेलं नाही.

आणखी एक मार्ग बासेलच्याच पोटात आहे. परिशिष्टांमधल्या बदलांना १८ वं कलम लागतं, तिथे उलटी पद्धत, डिपॉझिटरीने बदल कळवल्यावर सहा महिन्यांत ज्याला नको त्याने तसं लिहून द्यायचं, बाकी सगळ्यांना तो आपोआप लागू. मे २०१९ मध्ये प्लास्टिक कचऱ्याबद्दलचे बदल याच वाटेने मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. तोच करार, तीच डिपॉझिटरी, तेच देश. एका वाटेने चोवीस वर्षं, दुसऱ्या वाटेने दोन वर्षांच्या आत. पण ही वाट सगळ्याला चालणार नाही हे मान्य करायला पाहिजे, कुठला कचरा कुठल्या यादीत हा तांत्रिक बदल आणि काही देशांना निर्यातच बंद हा नवा बंधनाचा बदल, दोन्ही एका मापाने मोजले तर कित्येक देश करारातच येणार नाहीत, कारण गप्प बसलं तरी बांधले जाऊ ही भीती त्यांना राहील. काही देशांच्या राज्यघटनेतच नवं बंधन संसदेच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, त्यांना सहा महिने म्हणजे काहीच नाहीत.

कार्ताहेनाच्या ठरावावर कायदेपंडितांचा एक आक्षेप असतो की परिषदेने अर्थ लावायच्या नावाखाली करारच बदलला, आणि करार बदलायचा तर दुरुस्तीचा मार्ग आहे ना. मला हा आक्षेप ऐकायला छान पण पोकळ वाटतो. एक तर १७ वं कलम दुरुस्त करायला परत १७ व्याच कलमाप्रमाणे तीन-चतुर्थांश लागणार, आणि कितीतले तीन-चतुर्थांश हाच तर वाद. दुसरं, पक्षकारांनी नंतर मिळून कराराच्या अर्थावर केलेलं एकमत अर्थ लावताना लक्षात घ्यायचं हे व्हिएन्ना कराराच्या ३१ व्या कलमात आहेच. आणि ते वाक्य मुळात दोन-तीन अर्थ निघण्यासारखं होतं, परिषदेने त्यातला एक निवडला, नवा शोधून काढला नाही. वाक्य स्वच्छ असतं आणि परिषदेने उलटं काही ठरवलं असतं तर मीसुद्धा त्या पंडितांच्या बाजूला उभा राहिलो असतो. शिवाय ठराव एकमताने झाला, ज्यांना बॅन नको होती तेही त्या खोलीत होते.

यातून शिकलेलं कुणी आहे का? आहे. २०१३ च्या पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २६ व्या कलमात साफ लिहिलंय, दुरुस्ती मंजूर झाली त्या वेळच्या पक्षकारांपैकी तीन-चतुर्थांश. पाच-सहा शब्द जादा. पण त्याआधीचे, १९९८ चा घातक रसायनांच्या व्यापाराचा रॉटरडॅम करार आणि २००१ चा टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांचा स्टॉकहोम करार, दोन्ही अजून "पक्षकारांपैकी निदान तीन-चतुर्थांश" यावरच थांबलेत, कधीचे पक्षकार ते नाही. आणि कार्ताहेनाचा ठराव त्यांना लावता येत नाही, कारण त्यातच म्हटलंय की बाकी करारांबद्दल अर्थ काढू नका. योगायोग असा की बासेल, रॉटरडॅम आणि स्टॉकहोम तिन्ही करारांचं सचिवालय एकच आहे आणि परिषदाही बऱ्याचदा पाठोपाठ एकाच ठिकाणी भरतात, म्हणजे तीच माणसं त्याच खोलीत असतात.

रॉटरडॅम आणि स्टॉकहोमच्या पक्षकारांनी हा ठराव आत्ताच, कुठलीही वादग्रस्त दुरुस्ती मंजूर झालेली नसताना, करून टाकावा असं माझं मत आहे. वाद नसताना कुणाला माहीत नसतं की कुठल्या हिशोबाने आपला फायदा, म्हणून लोक जरा सरळ बोलतात. एखादी दुरुस्ती मंजूर झाली आणि पहिली तीस-चाळीस पत्रं जमा झाली की मग प्रत्येक शिष्टमंडळ आधी बेरीज करणार आणि मग तत्त्व सांगणार. बासेलला मंजुरीपासून हा अर्थ ठरवायलाच सोळा वर्षं लागली, आणि तो ठरल्यावर उरलेली पत्रं गोळा करायला आठ.